उलटा आलेला मजला

कोथरूडच्या एका सोसायटीतल्या 24 फ्लॅटची भाडी माझ्याकडे होती. बी स्तंभात क्षेत्रफळ, सीमध्ये मजला, डीमध्ये मासिक भाडं. क्षेत्रफळ करारनाम्यांतून घेतलेलं, म्हणून चौरस मीटरमध्ये. ऑफिसातलं एक्सेल जुनं असल्यामुळे पाच ओळी आणि तीन स्तंभ आधी निवडले, क्षेत्रफळ आणि मजल्यावरून भाड्याचा अंदाज देणारी सरळ रेषा काढायला LINEST चं सूत्र लिहिलं आणि कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबलं.

```
=LINEST(D2:D25,B2:C25,TRUE,TRUE)
```

पहिल्या ओळीत आलं 210, 265, 3150. खालच्या तीन ओळींत तिसऱ्या स्तंभात `#N/A` दिसलं. काहीतरी बिघडलंय असं वाटून मी सूत्र दोनदा पुन्हा लिहिलं. खरं तर त्या ओळींत दोनच आकडे असतात, तिसऱ्या घरात टाकायला काही उरतच नाही.

मग हिशेब मांडला: मीटरला 210, मजल्याला 265, वर ठरलेले 3150. पाचव्या मजल्यावरच्या 60 मीटरच्या फ्लॅटला 17,075. त्या फ्लॅटच्या मालक काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आत्ताच वीस हजार येतायत की मला!"

तिसऱ्या ओळीत डावीकडे आर-वर्ग 0.88 होता, म्हणजे जुळणी चांगली. त्याच्या शेजारी 1480, अंदाज साधारण किती रुपयांनी चुकतो ते. तीन हजारांची चूक म्हणजे त्याच्या दुप्पट. एखादा फ्लॅट असा निघूही शकतो, पण मन मानेना. म्हणून सरासरी फ्लॅट घालून पाहिला. सूत्रातली रेषा सरासरीतून जायलाच हवी. सरासरी क्षेत्रफळ 58, मजला 4, भाडं 19,360. माझा हिशेब दाखवत होता 16,390. म्हणजे फ्लॅट वेगळा नव्हता, वाचणारा चुकला होता.

LINEST गुणक उलट्या क्रमाने देतं. शेवटचा स्तंभ आधी, स्थिरांक सर्वांत उजवीकडे. 210 मजल्याचे होते, 265 मीटरचे. अदलाबदल केल्यावर सरासरी बरोब्बर 19,360 आली आणि काकांचा फ्लॅट 20,100 वर गेला. क्षेत्रफळ चौरस फुटांत असतं, तर फुटाला 210 रुपये भाडं बघून मी तिथंच हसलो असतो. मीटरमुळे दोन्ही आकडे सारख्याच मापाचे दिसले, आणि फसलो.

काकांना पुन्हा फोन केला. त्यांचा पुढचा प्रश्न: "मग वरच्या मजल्याचे जास्तीचे किती मागू?" दुसऱ्या ओळीत प्रमाणत्रुटी असतात, म्हणजे प्रत्येक गुणक साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, त्याही उलट्याच क्रमाने: मजल्याची 95, मीटरची 22. चौथ्या ओळीतला 21 म्हणजे स्वातंत्र्यांश, 24 मधून तीन गुणक वजा. 95 टक्के खात्री हवी तर 21 साठी टी-तक्त्यातला आकडा 2.08, त्याने 95 ला गुणलं, म्हणून मजल्याची किंमत 210 च्या दोन्ही बाजूंना जवळपास 198. मी म्हटलं, "काका, 12 ते 408 यांतलं काहीही असू शकतं."

"मग काय उपयोग?" म्हणाले, आणि भाडं 20,500 सांगितलं.