तीन तारखेची गंमत आणि अठ्ठावीस दिवसांचा हिशोब

कॅन्सरच्या डे-केअरमध्ये इंजेक्शन देण्याइतकंच पुढच्या तारखा लिहून देण्याचं कामही आमच्याकडे, म्हणजे सिस्टर लोकांकडे असतं. ३ मार्च २०२५ च्या सोमवारी एक काकू दुसऱ्या गावातल्या केंद्रातून आमच्याकडे आल्या. स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलेला, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. उपचार म्हणजे फुलव्हेस्ट्रंटचं इंजेक्शन आणि सोबत पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या. पहिले तीन डोस तिकडे झाले होते, चौथा आमच्याकडे. सोबत वर्षभराच्या तारखांचा छापील कागद होता: ६ जानेवारी, २० जानेवारी, ३ फेब्रुवारी, ३ मार्च, ३ एप्रिल, ३ मे, ३ जून, ३ जुलै, ३ ऑगस्ट, आणि असाच पुढे.

कागद नीटनेटका होता, तारखा लक्षात ठेवायला सोप्या होत्या. पण ३ ऑगस्टला रविवार होता आणि रविवारी डे-केअर बंद असतं. तिथून मागे वाचत आल्यावर कळलं की मार्चनंतरची एकही तारीख बरोबर नाही.

फुलव्हेस्ट्रंटचा पूर्ण डोस ५०० मिलिग्रॅम. तो २५० मिलिग्रॅमच्या, ५ मिलिलिटरच्या दोन भरलेल्या सिरिंजमध्ये येतो, आणि दोन्ही कुल्ह्यांत एकेक असा, प्रत्येकी एक ते दोन मिनिटं लावून हळूहळू देतात. औषध एरंडेल तेलात असल्याने दाट असतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या दांडा पुढे रेटायला गेलं की अंगठा दुखतो आणि पेशंटलाही जास्त दुखतं, म्हणून आधी बाहेर काढून ठेवावं लागतं. वेळापत्रक पहिला दिवस, पंधरावा दिवस, एकोणतिसावा दिवस आणि त्यानंतर महिन्यातून एकदा, असं. सुरुवातीचा जादा डोस रक्तातली पातळी लवकर वर यावी म्हणून असतो.

पहिली चूक इथेच होऊ शकते, पण या कागदात ती नव्हती. पहिला डोस ज्या दिवशी दिला तोच 'पहिला दिवस' असतो. म्हणून पंधरावा दिवस काढायला चौदा मिळवायचे, एकोणतिसावा काढायला अठ्ठावीस. घाईत कुणी पंधरा आणि एकोणतीस मिळवले तर २१ जानेवारी आणि ४ फेब्रुवारी येतात, दोन्ही मंगळवार. उलट, सुरुवातीचा दिवस धरून बोटांवर अठ्ठावीस मोजणाऱ्याचा डोस रविवारी येतो. चौदा आणि अठ्ठावीस हे दोन्ही सातच्या पटीतले आकडे, त्यामुळे पहिला डोस सोमवारी असेल तर पुढचा प्रत्येक डोस सोमवारीच आला पाहिजे. वार बदलला की मोजणी चुकली, हे बेरीज न करताच कळतं. मी तारखेच्या आधी वाराकडे बघते ते यामुळेच.

या कागदातली खरी फसगत फेब्रुवारीने केली होती. ३ फेब्रुवारीत अठ्ठावीस मिळवले तर ३ मार्च येतं, कारण २०२५ चा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा होता. म्हणजे 'दर अठ्ठावीस दिवसांनी' आणि 'दर महिन्याच्या त्याच तारखेला' या दोन्ही हिशोबांची उत्तरं तिथे जुळली. कागद तयार करणाऱ्याने तो एक डोस तपासला असेल तर तपासणी बरोबरच आली असणार. फरक पुढच्या ओळीपासून पडतो: ३ मार्चमध्ये अठ्ठावीस मिळवले की ३१ मार्च येतो, ३ एप्रिल नाही. एक्सेलमध्ये असे कागद सहसा `EDATE` ने बनतात. ते फंक्शन महिना पुढे सरकवतं, दिवस मोजत नाही. तारखांच्या रांगेवरून इथेही तेच झालं असावं.

आता कुणी म्हणेल, औषधाच्या माहितीपत्रकातच 'महिन्यातून एकदा' लिहिलंय, मग तीन दिवसांनी काय बिघडतं? त्या एका डोसचं काही बिघडत नाही. आमचे डॉक्टर या इंजेक्शनला तीन दिवस अलीकडे-पलीकडे चालवून घेतात. पण म्हणूनच ही चूक दिसत नाही. चुकीच्या कागदावर मार्चनंतरचं प्रत्येक अंतर तीस किंवा एकतीस दिवसांचं आहे, म्हणजे आधीच्या डोसपासून मोजलं तर प्रत्येक डोस सवलतीच्या आत बसतो. मूळ सोमवारांशी ताडून बघितलं तर मात्र ३ एप्रिल तीन दिवस मागे, ३ मे पाच दिवस, ३ जून आठ दिवस, आणि ३ ऑगस्ट, जो खरं तर २१ जुलैला व्हायला हवा, तो तेरा दिवस मागे. सवलत ही मूळ वेळापत्रकापासून मोजायची असते. मागच्या डोसपासून मोजली की ती दर महिन्याला नव्याने मिळत राहते.

या काकूंच्या बाबतीत हे घसरणं खपणारं नव्हतं ते गोळ्यांमुळे. पाल्बोसिक्लिब एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस बंद ठेवायची, म्हणजे तिचंही चक्र अठ्ठावीस दिवसांचंच. ती पांढऱ्या पेशी खाली आणते, म्हणून नवं चक्र सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी लागते. न्यूट्रोफिल हजाराच्या खाली असतील तर गोळ्या थांबवाव्या लागतात. इंजेक्शन आणि चक्राचा पहिला दिवस एकत्र आले की एकाच फेरीत रक्त, डॉक्टर, इंजेक्शन आणि पुढच्या गोळ्या, सगळं उरकतं. छापील कागदाप्रमाणे गेलं असतं तर ऑगस्टच्या सुरुवातीला काकू चक्राच्या मध्यावर इंजेक्शनला आल्या असत्या. त्या दिवशी काढलेला रक्ताचा रिपोर्ट चक्र सुरू करायच्या निर्णयाला उपयोगाचा नसता. मग एकतर दोन फेऱ्या, नाहीतर रिपोर्टशिवाय गोळ्या सुरू, आणि दुसरी गोष्ट होण्याचीच शक्यता जास्त. (पाळी चालू असलेल्या बायकांना गोसेरेलिनची ३.६ मिलिग्रॅमची गोळी दर अठ्ठावीस दिवसांनी पोटाच्या कातडीखाली सोडतात. तिथे उशीर झाला तर अंडाशय पुन्हा जागं होण्याची भीती असते, त्यामुळे तिथे 'महिन्याला एक' हा शब्दच मी वापरत नाही.)

डॉक्टरांना कागद दाखवला आणि नवा केला. प्रत्येक तारीख आधीच्या ओळीवरून न काढता पहिल्या डोसवरून काढायची, म्हणजे मधल्या एखाद्या ओळीत कुणी हात लावला तरी पुढचं सगळं सरकत नाही.

```
B2   2025-01-06
B3   =$B$2+14
B4   =$B$2+28*(ROW()-3)
C4   =TEXT(B4,"ddd")
```

`B4` आणि `C4` खाली ओढत न्यायचे. `C` च्या रकान्यात सगळीकडे एकच वार दिसला पाहिजे. ३ मार्चनंतर आलेल्या तारखा: ३१ मार्च, २८ एप्रिल, २६ मे, २३ जून, २१ जुलै, १८ ऑगस्ट, १५ सप्टेंबर, १३ ऑक्टोबर, १० नोव्हेंबर, ८ डिसेंबर. छापताना महिना अक्षरात लिहायचा. ०६/०१ असं लिहिलं की एखादा संगणक त्याचा १ जून करून मोकळा होतो.

या यादीतली पहिलीच तारीख अडचणीची निघाली. ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा, ३१ ला सोमवारी रमजान ईद, डे-केअर बंद. शनिवार २९ मार्च धरला तर सव्वीस दिवस होत होते आणि मंगळवार १ एप्रिल धरला तर एकोणतीस, दोन्ही सवलतीत. डॉक्टरांनी १ एप्रिल ठरवला. रक्त शनिवारीच द्यायचं, म्हणजे मंगळवारी रिपोर्ट हातात असेल. त्यापुढची तारीख मात्र २९ एप्रिल करायची नाही, ती २८ एप्रिलच राहते. मधे सत्तावीस दिवस पडतात आणि गाडी पुन्हा सोमवारावर येते. सुट्टीमुळे हललेला डोस कागदावर पेनाने लिहायचा, छापील तारीख खोडायची नाही. सवलतीच्या बाहेर उशीर झाला, समजा पेशंट दहा दिवस दवाखान्यात भरती होता, तर पुढचं डॉक्टर ठरवतात. त्यांनी नवा पाया धरला तर जुना कागद आम्ही फाडून टाकतो. घरात दोन कागद राहिले की फ्रीजवर जुना लागतो.

गोळ्यांचं चक्र पेशी कमी आल्यामुळे आठवडाभर लांबलं तर इंजेक्शन आपोआप लांबत नाही, हेही लिहून द्यावं लागतं. त्या वेळी दोन्ही तारखा वेगळ्या होतात, आणि पुढे त्या कशा जुळवायच्या हे डॉक्टरांना विचारूनच.

बिलाच्या खिडकीवर वेगळाच प्रश्न आला. वर्षाला बारा इंजेक्शनांची मंजुरी होती. अठ्ठावीस दिवसांच्या हिशोबाने वर्षाला तेरा डोस होतात, आणि पहिल्या वर्षी पंधराव्या दिवसाचा जादा डोस धरून चौदा, म्हणजे अठ्ठावीस सिरिंज. शिवाय एखाद्या महिन्यात दोन डोस येतातच. ईद नसती तर ३ आणि ३१ मार्च असे दोन आले असते, आणि 'या महिन्याचं झालंय' म्हणून दुसरा परत गेला असता. त्यामुळे मंजुरीच्या अर्जाला डॉक्टरांच्या सहीने तारखांचा पूर्ण कागद जोडला.

काकू म्हणाल्या, "मी आपली भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते, सिस्टर." घरचं कॅलेंडर म्हणजे वार डावीकडे आणि तारखा आडव्या ओळीत. सोमवारच्या ओळीत तीनपासून चार घरं पुढे जायचं, एवढं सोपं. पण मार्च २०२५ शनिवारी सुरू झाला, त्यामुळे ३० आणि ३१ तारखांना शेवटी जागा उरली नाही आणि त्या पहिल्याच रकान्यात वर जाऊन बसल्या. सोमवारच्या ओळीत ३१ हा आकडा ३ च्या आधी होता. पुढे मोजत गेलं की २४ ला ओळ संपते, पान उलटलं की एप्रिलचा पहिला सोमवार ७ तारखेचा, म्हणजे पस्तीस दिवस. त्यांना ३१ वर बोट ठेवून दाखवलं, तिथे फुली मारायला आणि १ एप्रिलवर गोल करायला सांगितलं.

मुलगा मोबाइलमध्ये आठवण लावत होता. त्याने पुन्हा-पुन्हा वाजण्यासाठी 'दर महिन्याला' निवडलं होतं. तो पर्याय काढून 'दर ४ आठवड्यांनी' निवडायला लावला, सुरुवात ३ मार्चपासून, आणि दुसरी आठवण त्याच्या दोन दिवस आधी, रक्तासाठी.