पायरी चुकली आणि जाग आली

काल रात्री परत तेच. जिना उतरतेय, कुठला जिना काय माहीत, आणि शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकला तर खाली काहीच नाही. पोटात खड्डा, काळजात धस्स आणि सगळं अंग एकदम उडालं. डोळे उघडले तर मी पलंगावरच, हृदय धडधडतंय आणि बाजूला हा मोबाईल बघत बसलेला. "अगं काय झालं, लाथ मारलीस मला!" मी म्हटलं पडले रे स्वप्नात. तर म्हणतो, "स्वप्न कसलं, आत्ता तर बोलत होतीस माझ्याशी, पाच मिनिटं पण नाही झाली."

हे पाच मिनिटांचं वाक्य डोक्यात अडकलं, कारण मला तर वाटत होतं की मी केव्हाची त्या जिन्यावर होते, वरचा मजला, अंधार, कठड्याला धरलेला हात, सगळं आठवतंय. एवढं सगळं पाच मिनिटांत कुठून आलं?

मग आज दिवसभर वेळ मिळेल तसं वाचत बसले. याला हिप्निक जर्क म्हणतात, साध्या भाषेत झोप लागतानाचा झटका. साधारण 60 ते 70 टक्के लोकांना कधी ना कधी येतो आणि डॉक्टर लोक याला आजार धरत नाहीत. पण मला जे इंटरेस्टिंग वाटलं ते वेगळंच आहे. आपण समजतो की स्वप्नात पडलो म्हणून दचकलो. बऱ्याचदा गोष्ट उलटी असावी म्हणे, म्हणजे शरीर आधी उडतं आणि पडण्याची गोष्ट मेंदू नंतर, किंवा अगदी त्याच क्षणी, जोडून देतो.

हे पटायला एक कारण पुरेसं आहे. लांबलचक गोष्टींची जी रंगीत स्वप्नं पडतात ती जास्त करून रेम झोपेत पडतात, आणि त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच पळत सुटला असता. म्हणजे तिथे असा सगळ्या अंगाचा हिसका सहसा बसत नाही, आणि ती झोप तर डोळा लागल्यावर तासा-दीड तासाने येते. माझा झटका पाचव्या मिनिटाला आला, म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच होते, ना धड जागी ना धड झोपलेली.

या उंबरठ्यावर काय होतं तर, स्नायू सैल पडायला लागतात, श्वास संथ होतो, बाहेरचे आवाज लांब जातात. जागं ठेवणारी यंत्रणा आणि झोपवणारी यंत्रणा यांची अदलाबदल चालू असते आणि ती काही बटण दाबल्यासारखी एका फटक्यात होत नाही, थोडी ओढाताण होते. असं मानतात की त्या ओढाताणीत मेंदूच्या देठातून एखादा चुकार सिग्नल पाठीच्या कण्यातून खाली सुटतो आणि स्नायू एकदम आवळले जातात. दुसरं म्हणणं असं की अंग अचानक सैल पडलेलं बघून मेंदूला वाटतं आपण खरंच पडतोय, म्हणून तो सावरायला जातो. (झाडावर झोपणाऱ्या आपल्या पूर्वजांची ती गोष्ट पण सगळीकडे सांगतात, फांदीवरून पडू नये म्हणून वगैरे. ऐकायला मस्त आहे पण ती कोणी सिद्ध केलेली नाही, त्यामुळे मी बाजूला ठेवली.)

आता पडण्याचंच स्वप्न का, उडण्याचं किंवा गाडी चालवण्याचं का नाही? तर सैल पडलेलं अंग, पलंगाचा हरवत चाललेला स्पर्श आणि वरून अचानक हिसका, या तीन गोष्टी एकत्र कधी येतात? पाय घसरल्यावर. मेंदूने सगळ्यात जवळचं कारण उचललं, बास. काहींना पडण्याऐवजी डोळ्यांपुढे लख्ख उजेड दिसतो किंवा मोठा आवाज ऐकू येतो, तोही याच कुटुंबातला प्रकार.

मागून गोष्ट जोडण्याचा एक जुना किस्सा पण सापडला. 19व्या शतकात आल्फ्रेड मोरी नावाच्या फ्रेंच माणसाला स्वप्न पडलं, फ्रेंच क्रांती, खटला, शिक्षा आणि शेवटी गिलोटिनचं पातं मानेवर. जागा झाला तर पलंगाचा एक भाग खरंच मानेवर पडलेला! त्याचं म्हणणं की एवढं मोठं स्वप्न त्या एका फटक्यानंतर तयार झालं. लोकांनी यावर खूप वाद घातलेत आणि मलाही ते जरा जास्तच वाटतं, पण माझ्या जिन्यापुरतं तरी पटलं.

मग हे स्वप्न "सांगतं" काय? मला एक मैत्रीण नेहमी म्हणते की पडण्याचं स्वप्न म्हणजे आयुष्यातला कंट्रोल सुटणं. असेलही, पण पहाटेच्या साखरझोपेत पडणाऱ्या लांब स्वप्नाबद्दल तसं बोलता येईल, कारण दिवसाच्या काळज्या तिथे वेष बदलून येतात. झोप लागतानाच्या झटक्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा साधं असतं, अपुरी झोप, टेन्शन, उशिरा केलेला दमवणारा व्यायाम किंवा कॉफी. माझंच बघा. परवा आणि त्याच्या आदल्या रात्री एक रिपोर्ट संपवायला दोनला झोपले, उठले साडेसहाला. काल संध्याकाळी साडेसहाला मोठा मग कॉफी, आणि तिच्यातलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेअकराला अंग थकून चूर आणि डोक्यात अजून अर्धा मग शिल्लक. एकीकडून झोप ओढतेय, दुसरीकडून कॉफी. झटका आला नसता तरच नवल. टेन्शन होतंच, पण ते स्वप्नात संकेत बनून आलं नाही, त्याने फक्त मला नीट झोपू दिलं नाही.

एक खोटी समजूत पण होती माझी लहानपणापासून, की स्वप्नात जमिनीवर आपटलं की माणूस मरतो. काही नाही होत, अनेक जण आपटतात आणि स्वप्न पुढे चालू राहतं.

थोडी घाबरले मात्र एका गोष्टीला, की हे फिट्सचं वगैरे काही नाही ना. तर फरक असा वाचला: हा झटका एकटा-दुकटा येतो आणि झोप लागतानाच. झोपेत रात्रभर ठरावीक अंतराने, साधारण 20 ते 40 सेकंदांनी, पाय उडत राहिले तर तो वेगळा प्रकार. सकाळी उठल्या उठल्या हात उडून हातातला कप पडत असेल तर ते डॉक्टरांना दाखवायचं. आणि झटके इतके की झोपच लागू देत नाहीत, किंवा एखादं नवीन औषध सुरू केल्यावर वाढले, तरीही विचारलेलं बरं. माझं यातलं काहीच नाही.

याला सांगितलं हे सगळं, तर म्हणतो, "म्हणजे आधी लाथ आणि मग जिना." हो म्हटलं. "मग सॉरी पण आधी यायला हवं होतं."

आज दुपारनंतर कॉफी नाही. आत्ता सव्वादहा झालेत, वही मिटते.