वाइनचा ग्लास आणि ‘नाही’चा रकाना

आमच्या पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक विभागात एमडी करणारा एक विद्यार्थी थीसिसचे तक्ते घेऊन आला. नाशिक शहरातल्या साठीपुढच्या पुरुषांचं सर्वेक्षण होतं. अधूनमधून वाइन घेणाऱ्यांत हृदयविकार कमी, काहीच न घेणाऱ्यांत जास्त, आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या आत, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. “मॅडम, याची पेपरात बातमी होईल,” तो म्हणाला. मला तीच काळजी वाटली. दिंडोरीकडे वायनरी असलेल्या जिल्ह्यात असा निकाल छापून आला, तर ‘डॉक्टरांनीच सांगितलंय’ म्हणत बाटली उघडणारे कमी नसतात.

मी तक्ते बाजूला ठेवून भरलेले फॉर्म मागवले. दारूबद्दल एकच प्रश्न होता: ‘आपण मद्य घेता का?’ उत्तर हो किंवा नाही. ‘नाही’चे फॉर्म चाळताना एका फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: ‘अँजिओप्लास्टी झाल्यापासून बंद.’ पुढे तशीच आणखी टिपणं सापडली. म्हणजे या गटात जन्मभर न पिणारे होते, तसेच आजारी पडल्यामुळे सोडलेलेही होते.

त्याला मी सोपे आकडे धरून फळ्यावर मांडून दाखवलं. समजा ‘नाही’वाले १०० आणि त्यांत हृदयरोगी २०. वाइन घेणारे ५० आणि त्यांत रोगी ६, म्हणजे १२ टक्के. वीस विरुद्ध बारा, म्हणून वाइन जिंकली. आता त्या शंभरांतले २५ जण सोडलेले निघाले आणि त्यांच्यात ११ रोगी असले, तर जन्मभर न पिणाऱ्या ७५ मध्ये उरले ९. तेही १२ टक्केच! तो म्हणाला, “मग सोडलेल्यांना वगळतो.” पण तेही चालत नाही, कारण मग ‘पिणारे’ गटात दुखण्यामुळे सोडावी न लागलेलेच निवडून उरतात. सोडलेले आणि आजही घेणारे एकत्र धरून ‘कधीही घेतलेले’ असा गट करावा लागतो. फळ्यावर ते झाले ७५, त्यांत रोगी १७, जवळपास २३ टक्के. निकाल उलटा झाला. अर्थात सोडलेले आधी वाइन घेत होते की देशी, तेही विचारायलाच हवं.

ही गोष्ट नवी नाही. शेपर आणि सहकारी संशोधकांनी १९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवलं होतं. ब्रिटनच्या २४ गावांतल्या ७,७३५ पुरुषांच्या अभ्यासात, तब्येत बिघडलेले लोक पिणं सोडून न पिणाऱ्यांच्या गटात येत होते आणि तो गट अधिक आजारी दिसत होता.

विद्यार्थ्यानं ‘नाही’ म्हणालेल्यांना पुन्हा गाठलं. आधी घेत होतात का, काय घेत होतात आणि का सोडली, हे विचारलं. फरक बराच ओसरला, पण संपला नाही. उरलेला फरक मला कन्फाउंडिंगचा, म्हणजे वाइनसोबत येणाऱ्या दुसऱ्याच गोष्टींचा वाटला. त्याच्या यादीत वाइन घेणारे बहुतेक गंगापूर रोडच्या सुखवस्तू बाजूचे, पेन्शनवाले, रोज फिरायला जाणारे, बीपीची गोळी न चुकवणारे. शिक्षण आणि उत्पन्नाचे थर पाडले तेव्हा खालच्या थरात वाइन घेणारं जवळजवळ कोणीच उरलं नाही. अशा वेळी रिग्रेशनचं सूत्र हे फरक वजा करून ‘अ‍ॅडजस्ट केलेला’ आकडा देतं, पण तो तक्त्यातल्या रिकाम्या घरांवर सूत्र ताणून काढलेला असतो. तुलनेला माणसंच नसतील तर सूत्र ती आणणार कुठून?

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. साठी गाठलेल्यांनाच फॉर्म मिळाला. पन्नाशीच्या आत लिव्हर निकामी होऊन किंवा पिऊन गाडी चालवताना गेलेले कोणत्याच रकान्यात नाहीत. पिणाऱ्यांच्या गटात दारू पचवून टिकलेलेच दिसतात. हा सर्व्हायव्हरशिप बायस कुठल्याही सॉफ्टवेअरनं निघत नाही, कारण मेलेल्यांची ओळच डेटात नसते. मी सुचवलं, की प्रत्येकाला सख्ख्या भावांबद्दल विचार: किती होते, कोण कोणत्या वयात गेलं, पीत होते का. त्यानं विचारलं. आपल्या पिण्याबद्दल मोकळं बोलणारे भावाच्या बाबतीत गप्प होत, आणि मरणाचं कारण ‘अटॅक’ एवढंच सांगत.

वाइनच्या बाजूनं कोणी बोललं की मी चीनमधल्या २०१९ च्या अभ्यासाकडे बोट दाखवते. पाच लाखांहून अधिक लोकांच्या त्या अभ्यासात, सुमारे एक लाख साठ हजार जणांचे, दारू सोसते की नाही हे ठरवणाऱ्या जनुकांवरून गट पाडले होते. जनुक जन्मतः ठरतं, ते आजारपणामुळे बदलत नाही. तिथे थोड्या दारूनं पक्षाघात टळतो, हे दिसलं नाही. दारू वाढली तसा धोका वाढत गेला.

भावांची माहिती तुटपुंजी होती, म्हणून ती मर्यादांच्या प्रकरणात गेली. शीर्षकातला ‘संरक्षक परिणाम’ काढला. फॉर्ममधला तो एक प्रश्न फोडून आता चार केले आहेत, आणि पुढच्या बॅचचं सर्वेक्षण पस्तिशीपासून सुरू होतंय.