मधल्या मित्राचं काम

आज तालुक्याच्या स्टँडजवळ एका पोरा-पोरीची पहिली भेट फसली, अन् चूक त्या दोघांचीही नव्हती. मधल्या मित्रानं पोराला सांगितलं, "तिकडून जवळपास होच समज." पोरीला सांगितलं, "नुसता चहा घ्यायचा." पोरगा वहिनीला अन् पेढ्याच्या डब्याला घेऊन हजर, पोरगी खांद्यावर कॉलेजची बॅग अडकवून एकटी. चहावर साय धरली तरी कोणी बोलेना बाप्पा!

अशा वेळी दोघांना एकच मेसेज, त्याच शब्दांत पाठवावा: "पाऊण तास, फक्त चहा, घरचं कोणी नाही. काय वाटलं ते रात्री मला सांगायचं." फोनवर वेगवेगळं बोललं की शब्द बदलतातच. फोटो याच वर्षीचा द्यावा. पाच एकर कोरडवाहूला ओलिताचं म्हटलं, तर "विहिरीला पाणी कधीपर्यंत राहते?" या एकाच प्रश्नात उघडं पडते.

भेट गावात नको. चहा संपायच्या आत सोयरीक जमल्याची बातमी फिरते. परतीच्या एसटीच्या तासभर आधी बसावं, म्हणजे उठायला कारण राहते. नकार आला तर "पाहू" म्हणत लटकवू नये, त्याच रात्री सांगून टाकावं.

पेढे शेवटी टपरीवरच्या लोकांनी खाल्ले.