प्लेटलेट नऊ हजार आणि औषध नाही: तुमच्या मुलाच्या आयटीपीबद्दल

काल ओपीडीतून निघाल्यावर तुम्ही दोघं दारातून परत आलात. "डॉक्टर, दीड लाख हव्यात तिथे नऊ हजार आहेत, आणि तुम्ही औषधच देत नाही?" बाहेर रांग होती, मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. रात्री घरी आल्यावरही ते डोक्यातून गेलं नाही, कारण दोन वाक्यांत ते सांगून होत नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या मनातली खरी भीती तुम्ही बोलून दाखवली नाहीत, पण मला ती कळली. हा रक्ताचा कॅन्सर नाही. हा आयटीपी आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चुकून रक्त गोठवणाऱ्या स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. हे मी केवळ मशीनच्या आकड्यावरून म्हणत नाही. त्याच्या रक्ताची काच मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली. लाल पेशी ठीक आहेत, पांढऱ्या पेशी ठीक आहेत, कॅन्सरच्या कोवळ्या पेशी नाहीत. प्लेटलेट तेवढ्या कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच मोठ्या, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या आहेत. पोट तपासलं, यकृत-प्लीहा वाढलेली नाही. हाडं दुखत नाहीत, वजन घटलेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप, आणि मग अचानक पायांवर लाल ठिपके आणि काळेनिळे डाग. चित्र इतकं स्पष्ट असलं की बोन मॅरोची तपासणी लागत नाही. पुढे यातलं काही बदललं तर मात्र मी ती करायला लावीन.

मग प्लेटलेट गेल्या कुठे? १९५० साली अमेरिकेत सेंट लुईस इथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्यांच्या स्वतःच्या प्लेटलेट कोसळल्या, आणि काही दिवसांनी पुन्हा वर आल्या. दोष प्लेटलेट बनवण्यात नाही, रक्तातलंच काहीतरी त्यांना मारतं, हे त्यातून कळलं. सर्दीच्या विषाणूशी लढताना तुमच्या मुलाच्या शरीराने अँटिबॉडी बनवल्या, आणि त्या चुकून त्याच्याच प्लेटलेटना चिकटल्या. अशी खूण लागलेली प्लेटलेट प्लीहेत पोचली की तिथे संपते. कारखाना सुरू आहे, माल वाटेतच लुटला जातो आहे.

म्हणूनच "बाहेरून प्लेटलेट चढवा ना" या काकांच्या सल्ल्याला मी नाही म्हटलं. चढवलेल्याही तशाच संपतील. जिवावरचा रक्तस्राव असेल तेव्हाच आम्ही त्या देतो, इतर औषधांच्या जोडीला. डेंग्यूतही प्लेटलेट कमी होतात, पण तो वेगळा आजार आहे. पपईच्या पानांचा रस त्याला देऊ नका. या आजारात त्याचा उपयोग असल्याचा पुरावा नाही, आणि उलट्या होऊ लागल्या की त्या रसाने की आणखी कशाने, हे ठरवताना आपलीच फजिती होईल.

आता औषधाचं. या कामात मी नवीन होते तेव्हा पाच वर्षांचा एक मुलगा आला होता, प्लेटलेट सहा हजार. ठिपके सोडले तर कुठूनही रक्त येत नव्हतं, मुलगा वॉर्डभर पळत होता. मी आकड्याला घाबरले आणि आयव्हीआयजी लावलं. हे औषध शिरेतून तासन्‌तास जातं आणि अतिशय महाग असतं. त्याच्या वडिलांनी उसने पैसे आणले. मध्यरात्री मुलाला कडक डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. आयव्हीआयजीने असं होतं हे मला ठाऊक होतं, पण मेंदूत रक्तस्राव झाला तरी नेमकं असंच होतं. सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट नव्वद हजार, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बारा हजार. औषधाने आजार बरा झाला नव्हता, लूट थोडे दिवस थांबली होती. दोन महिन्यांनी तो आपोआप बरा झाला. त्या रात्रीचा त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी आधी मूल बघते, मग आकडा. रक्त फक्त कातडीखाली दिसत असेल तर आकडा कितीही असो, थांबायचं. आज जगभरातले डॉक्टर साधारण हेच करतात. मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती खोटी नाही, पण तो हजारात पाचांहूनही कमी मुलांना होतो.

थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. गेल्या वर्षीची एक चार वर्षांची मुलगी सांगते. पहिल्या दिवशी सात हजार, औषध नाही. पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं. आजीने मायेपोटी डोकं मागे करून कांदा हुंगवला. रक्त घशातून पोटात गेलं आणि काळपट उलटी झाली, घर हादरलं. मी फोनवर सांगितलं: ताठ बसवा, मान किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. रक्त थांबलं. बाराव्या दिवशी मात्र तोंडात गालाच्या आतून रक्ताचे फोड आले आणि हिरड्यांतून रक्त झिरपू लागलं. आकडा नऊ हजार, म्हणजे आधीपेक्षा थोडा जास्तच, पण मूल बदललं होतं. त्या दिवशी मी तिला पाच दिवसांचं स्टेरॉईड दिलं. ती चिडचिडी झाली, सारखं खायला मागायची, पण रक्त थांबलं. प्लेटलेट बासष्ट हजारांवर गेल्या, पुन्हा अठ्ठावीस हजारांवर आल्या. तेव्हा ठिपक्यांपलीकडे काही नव्हतं, म्हणून पुन्हा औषध दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात दोन लाख चाळीस हजार.

बहुतेक मुलं सहा महिन्यांत अशीच बरी होतात. साधारण पाचांतल्या एकाचा आजार लांबतो. तुमचा मुलगा कोणत्या गटात आहे हे आज सांगता येत नाही, आणि आज औषध दिल्याने ते बदलतही नाही.

घरातल्या औषधांच्या डब्याकडे आजच लक्ष द्या. तापाच्या पुष्कळ सिरपमध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. ही दोन्ही प्लेटलेटचं काम बिघडवतात, आणि त्याच्याकडे आधीच त्या मोजक्या आहेत. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, नुसतं पॅरासिटामॉल असेल तेच ठेवा. गावी गेलात आणि ताप आला तर कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. सायकल, झाडावर चढणं, सीझनचा चेंडू सध्या बंद. चित्रं काढणं, अंगणात खेळणं चालू द्या.

डोक्याला मार लागला, डोकं फार दुखतंय, उलट्या होतायत, मूल नेहमीपेक्षा जास्त झोपाळलंय, शौच डांबरासारखी काळी, लघवी लाल, किंवा नीट दाबून धरूनही नाकातलं रक्त वीस मिनिटांत थांबलं नाही, तर वेळ न बघता थेट कॅज्युअल्टीत या आणि दारातच "आयटीपी आहे" असं सांगा. तोंडात रक्ताचे फोड दिसले तर त्याच दिवशी फोन करा.

नवीन ठिपके रोज मोजत बसू नका, आंघोळीच्या वेळी एकदा अंग आणि तोंड बघा, तेवढं पुरे. मंगळवारी सकाळी या. उपाशीपोटी आणायची गरज नाही. रक्त घेतल्यावर टोचलेल्या जागी पाच मिनिटं दाबून ठेवायचंय, तेव्हा त्याचं आवडतं पुस्तक बरोबर आणा.