पद्मिनीचे टायर : ५.२०-१४ च्या जागी काय?

प्रीमियर पद्मिनीचं काम आता टायरपर्यंत आलंय. मूळ माप ५.२०-१४, नायलॉन. फोंड्यात विचारलं, म्हापशात विचारलं, मडगावलाही. ताजा माल कुठेच नाही. डिकीतल्या वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टायरवर मी गाडी चालवणार नाही, रबर कडक झालेलं असतं. म्हणून मेट्रिक माप शोधायला बसलो.

५.२० ला २५.४ ने गुणलं की रुंदी १३२ मिमी येते. इथेच बरेच जण १३५/८० आर १४ वर थांबतात. पण त्या टायरची उंची निघते जेमतेम ५७२ मिमी. माझी स्टेपनी कधीच रस्त्यावर उतरलेली नाही; हवा भरून, भिंतीला उभी करून मोजली तर ६०८ भरली. जुन्या मापात उंचीचं गुणोत्तर लिहीतच नाहीत, आणि त्या टायरची बाजू जवळजवळ रुंदीइतकीच उंच असते. म्हणून जुळवायची ती एकूण उंची.

६०८ मधून रिमचे ३५६ (१४ इंच) वजा केले, उरलेल्याचं अर्धं १२६. ही एका बाजूची उंची. ८० च्या टायरमध्ये उंची रुंदीच्या ८० टक्के असते, म्हणजे १२६ ला ०.८ ने भागायचं : साधारण १५८. म्हणजे आपण १५५ आणि १६५ यांच्या मध्ये, १५५ च्या जवळ. १५५/८० ची उंची ६०४ येते, अगदी जवळची. पण तो मला इथे मिळाला नाही. १६५/८० आर १४ स्विफ्टला लागायचा, त्यामुळे सहज मिळतो. त्याची उंची ६२०, म्हणजे दोन टक्के जास्त. मीटरवर ६० दिसेल तेव्हा खरा वेग ६१ च्या आसपास असेल. एवढा फरक मला चालतो.

रिमची रुंदी मात्र आधी मोजा. टायरची कड जिथे टेकते त्या आतल्या दोन भिंतींमधलं अंतर घ्यायचं, बाहेरच्या ओठांचं नव्हे. १६५/८० ला किमान ४ इंच लागतात. माझी रिम ४ भरली, म्हणजे अगदी सीमेवर. तुमची साडेतीन असेल तर हा टायर तिच्यासाठी नाही.

टायर मुळापेक्षा ३३ मिमी रुंद, म्हणजे आत-बाहेर साधारण सोळा-सोळा. मागे पाट्यांच्या बाजूला आणि मडगार्डच्या कडेला घासतो का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. चार माणसं बसवून, पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. मग फोंड्यातल्या खराब रस्त्यावर फिरवून टायरच्या आतल्या बाजूला घासल्याच्या चकाकत्या रेघा शोधल्या. मागे उजवीकडे बोटभर जागा उरते, रेघ नाही.

जुन्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो, म्हणून आत ट्यूब घातली, तीही रेडियलचीच. टायरच्या आतला चिकटवलेला कागद आधी काढायचा, नाहीतर ट्यूब तिथेच घासून फाटते. चारही टायर एकदम बदलले. नायलॉन आणि रेडियल एकाच गाडीवर मिसळले तर पावसात पुढचं आणि मागचं वेगवेगळं वागतं. स्टेपनी अजून नायलॉनच आहे, पाचवा टायर आला की बदलेन. तोवर लांब जाणार नाही.