तुम्ही विचारलंत म्हणून: कोटेशनमधल्या भाड्याखालच्या तीन ओळी

“आमच्या मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरचं कोटेशन इंग्रजीत आहे, आम्हाला ते नीट वाचता येत नाही. भाड्याखाली डेमरेज, डिटेन्शन आणि बंकर असं लिहिलंय. हे पैसे आम्हाला द्यावेच लागणार का?”

बंकरचे, म्हणजे जहाजाच्या इंधनाच्या अधिभाराचे, द्यावेच लागतात. डेमरेज आणि डिटेन्शन यांच्यापुढे छापलेला आकडा मात्र आज भरायची रक्कम नसतो. ठरलेल्या मोफत दिवसांपलीकडे कंटेनर अडकून राहिला तर दररोज किती आकारणी होईल, हे तिथे आधीच सांगून ठेवलेले असते. तिन्ही ओळी एकाच रकान्यात येतात, त्यामुळे काही निर्यातदार त्यांची सरळ बेरीज करतात आणि भाव महाग आहे असे ठरवतात, तर काही जण तिन्हींकडे दुर्लक्ष करतात. माझ्या पाहण्यात दुसरी चूक जास्त महागात पडते.

कंटेनर तुमचा नसतो, तो शिपिंग लाइनने वापरायला दिलेला असतो, आणि तो कुठे अडकला आहे यावर आकारणीचे नाव ठरते. भरलेला कंटेनर टर्मिनलच्या आवारात पडून असेल तर डेमरेज. आवाराबाहेर, म्हणजे तुमच्या किंवा खरेदीदाराच्या ताब्यात असेल तर डिटेन्शन. निर्यातीच्या टोकाला रिकामा कंटेनर डेपोतून उचलल्यापासून डिटेन्शनचे दिवस मोजले जातात, भरलेला कंटेनर टर्मिनलमध्ये शिरला की ते थांबतात आणि जहाजावर चढेपर्यंत डेमरेजचे दिवस चालतात. खरेदीदाराच्या बंदरात क्रम उलटा असतो: जहाजावरून उतरल्यापासून टर्मिनलबाहेर पडेपर्यंत डेमरेज, आणि तिथून रिकामा कंटेनर परत करेपर्यंत डिटेन्शन. सगळ्याच लाइनी आणि सगळीच बंदरे ही नावे अगदी याच अर्थाने वापरतात असे नाही. म्हणून कोटेशन मराठीत समजावून लिहिताना मी नावापेक्षा एकाच प्रश्नावर भर देते: मोजणी कोणत्या घटनेला सुरू होते आणि कोणत्या घटनेला थांबते? ही मूळ नावे आणि त्यांची लघुरूपे मी समासात तशीच ठेवते, कारण उद्या येणाऱ्या बिलावर तीच अक्षरे असणार आहेत.

आता मोफत दिवसांकडे नीट पाहा, कारण दोन कोटेशनांमधला खरा फरक बहुधा इथेच असतो. समजा, एका फॉरवर्डरने पोहोचण्याच्या बंदरासाठी ‘डेमरेज 7 दिवस मोफत, डिटेन्शन 5 दिवस मोफत’ असे लिहिले आहे आणि दुसऱ्याने ‘दोन्ही मिळून 12 दिवस मोफत’ असे लिहिले आहे. बेरीज सारखीच, दोघांचाही दर समजा दिवसाला 60 डॉलर. कंटेनर 1 तारखेला उतरला आणि उतरल्याचा दिवस पहिला धरला. बँकेतून मूळ कागदपत्रे सुटायला वेळ लागल्यामुळे खरेदीदाराने तो 10 तारखेला बाहेर काढला आणि रिकामा करून 12 तारखेला परत केला. पहिल्या कोटेशनप्रमाणे टर्मिनलमधले 10 दिवस झाले, त्यातले 7 मोफत, म्हणून 3 दिवसांचे डेमरेज, म्हणजे 180 डॉलर. बाहेरचे 2 दिवस डिटेन्शनच्या 5 मोफत दिवसांत बसले, पण तिथे वाचलेले 3 दिवस डेमरेजच्या खात्यात वळवता येत नाहीत. दुसऱ्या कोटेशनप्रमाणे एकूण 12 दिवस झाले, सगळे मोफत, बिल शून्य. उलट, खरेदीदार माल झटपट सोडवणारा पण कंटेनर गोदामात ठेवून सावकाश रिकामा करणारा असेल, तर वेगळ्या मोजणीत त्याला डिटेन्शनच्या 5 दिवसांतच भागवावे लागते. एकत्र मोजणीत मात्र टर्मिनलमध्ये वाचलेले दिवस त्याला बाहेर वापरता येतात. मोफत दिवसांची बेरीज आणि दिवसाचा दर सारखा असेल आणि तो दर टप्प्याटप्प्याने चढत नसेल, तर एकत्र मोजणी निर्यातदाराला कधीच जास्त महाग पडत नाही. म्हणून बेरीज आणि दर असे सारखे असल्यास मी एकत्र मोजणीचे कोटेशन निवडायला सांगते, आणि वेगळी मोजणी असेल तर खरेदीदाराला नेमका कुठे वेळ लागतो हे आधी विचारून घ्यायला सांगते.

दिवस कॅलेंडरचे की कामाचे, हेही त्याच ओळीत स्पष्ट असायला हवे. मुदत संपल्यावर सुट्टीचे दिवसही बहुधा मोजले जातात, आणि दर सहसा टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे विसाव्या दिवसाचे पैसे आठव्या दिवसापेक्षा बरेच जास्त असू शकतात. शिवाय टर्मिनल स्वतःचे साठवणूक शुल्क निराळे लावू शकते. त्याच दिवसांची दोन बिले आली म्हणजे कोणी फसवलेच असे नाही, पण दोन्हींच्या पावत्या वेगवेगळ्या मागाव्यात.

निर्यातदाराला सर्वांत अनपेक्षित वाटते ती गोष्ट कोटेशनमध्ये नसतेच, ती बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी घेतल्याच्या लाइनच्या दस्तऐवजाच्या, मागच्या बारीक अक्षरांत असते. तिथे ‘मर्चंट’ या शब्दाच्या व्याख्येत माल पाठवणारा आणि माल घेणारा असे दोघेही येतात आणि देण्यांसाठी दोघेही जबाबदार धरले जातात. विक्रीच्या करारानुसार पोहोचण्याच्या बंदरातला खर्च खरेदीदाराचा असला, तरी तो लाइनशी तुमचा झालेला करार नव्हे. खरेदीदाराने माल उचललाच नाही, तर बिल तुमच्यापर्यंत येऊ शकते. फॉरवर्डरने स्वतःचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे हाउस बिल, दिले असेल तर लाइनचे पैसे तो आधी भरेल आणि मग तुमच्याकडे मागेल, कारण त्याच्या हाउस बिलातही बहुधा तीच व्याख्या असते. म्हणून पोहोचण्याच्या बंदरातले मोफत दिवस हा खरेदीदाराचा प्रश्न आहे असे समजून ती ओळ सोडून देऊ नये.

बंकर म्हणजे जहाजाचे इंधन. त्याचा अधिभार बीएएफ या नावाने येतो, आणि काही लाइनी त्यासाठी स्वतःची वेगळी नावे वापरतात. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 टक्क्यांवर आली आणि महागडे इंधन वापरणे भाग पडल्याने हे अधिभार नव्याने मांडले गेले. हिशेबाची एक प्रचलित रीत अशी की इंधनाच्या सरासरी दराला त्या मार्गाच्या एका गुणकाने गुणायचे; कंटेनरमागे किती इंधन जळते आणि परतीला किती कंटेनर रिकामे येतात, याचा अंदाज त्या गुणकात असतो. गुणक 0.8 असेल आणि इंधन टनामागे 50 डॉलरने महागले, तर अधिभार 40 डॉलरने वाढेल. दर वीस फुटी कंटेनरमागे दिलेला असेल, तर चाळीस फुटीला सहसा दुप्पट लागतो. कोटेशन वाचताना ही गोष्ट सहज निसटते.

या ओळीतला धोका आकड्यापेक्षा त्याच्या शेजारच्या शेऱ्यात असतो. ‘माल चढवण्याच्या दिवशी लागू असेल तो दर’ असा शेरा असेल, तर छापलेला आकडा केवळ आजचा आहे. लाइनी हा अधिभार ठरावीक काळाने, बऱ्याचदा दर तिमाहीला, बदलतात. महिनाअखेरीच्या जहाजावर जागा घेतली आणि ते जहाज पुढच्या तिमाहीत गेले, तर नवा बंकर दर लागू शकतो, आणि तोवर टर्मिनलमध्ये शिरलेल्या कंटेनरचे डेमरेजचे दिवसही चालू राहतात. उशीर लाइनचा असल्यास जास्तीचे दिवस माफ होतात का आणि बंकर मूळ तारखेचाच धरला जातो का, या दोन प्रश्नांची उत्तरे बुकिंगपूर्वी फॉरवर्डरकडून ईमेलवर लेखी घ्यावीत. फोनवरचे ‘बघू, करून देऊ’ बिल आल्यावर उपयोगी पडत नाही.